स्पायरल, पिना की परफेक्ट: ९२ पृष्ठांच्या अहवालाबद्दल

ग्राहकाचा अभिप्राय (२ तारे): "९२ पृष्ठांचा अहवाल पुस्तकासारखा बांधून हवा होता, हातात पडला स्पायरल. विचारलं तर 'समास कमी आहे' एवढंच उत्तर. मग निदान मधोमध पिना मारायच्या! आता स्पायरल काढून परफेक्ट करा म्हटलं, तर त्यालाही नाही."

दुकानातर्फे उत्तर:

नमस्कार. मंडळींसमोर मांडायचा अहवाल स्पायरलमध्ये बघून तुमचा हिरमोड झाला, हे समजू शकतो. पण अडचण खरोखर समासाचीच होती.

तुमच्या फाइलमध्ये चारही बाजूंना १२ मिमी समास होता. परफेक्ट बाइंडिंगमध्ये गोंद नीट धरावा म्हणून कण्याकडची कडा २-३ मिमी खरवडली जाते. उरले साधारण ९. शिवाय असं पुस्तक सपाट उघडत नाही, कण्याजवळचा भाग वळणात जातो. तुमच्या खर्चाच्या तक्त्यांमध्ये डाव्या पृष्ठावरचा 'एकूण' हा रकाना नेमका तिथेच येतो. तो वाचायला प्रत्येक वेळी पुस्तक दाबून धरावं लागलं असतं, आणि असं दाबत राहिलं की पानं सुटायला लागतात. जाडीचा प्रश्न नव्हता. ४६ पानं, ८० जीएसएम, म्हणजे साडेचार मिमीच्या आसपास. परफेक्टला तेवढी चालते.

मधोमध पिनांचं म्हणाल तर ९२ ला ४ ने भाग जातो, त्यामुळे हिशेब बसतो. पण एकात एक घातलेल्या २३ घड्यांमध्ये आतली घडी बाहेरच्या घडीपेक्षा दोनेक मिमी पुढे येते. कडा सारखी करताना तेवढा कागद फक्त मधल्या पृष्ठांचा कापला जातो. तुमचे पृष्ठ क्रमांक कडेला अगदी खेटून आहेत; मधल्या पृष्ठांवर ते काठावरच आले असते. त्यात एवढी जाड पुस्तिका मिटून राहत नाही, तोंड वासून बसते. आम्ही ६० पृष्ठांच्या पुढे पिना सुचवत नाही.

स्पायरलची भोकं कडेपासून ७-८ मिमीत संपतात. तुमच्या १२ मिमीत मजकुराला धक्का न लागता बसणारं तेवढंच होतं, आणि तक्ते सपाट उघडतात.

आता स्पायरल काढून परफेक्ट का नाही? कारण भोकांची पट्टी आधी कापून टाकावी लागेल. मग मजकुराला कण्याकडे चारच मिमी उरतात. त्यासाठी नव्याने छपाईच हवी.

ती करायची असेल तर मजकूर ९३ टक्क्यांवर आणा. १८६ मिमी रुंदीचे १७३ होतील आणि ३७ मिमी मोकळे मिळतील: कण्याकडे २२, बाहेर १५. पृष्ठं समोरासमोर असल्याने ही जागा सम पृष्ठांवर उजवीकडे आणि विषम पृष्ठांवर डावीकडे सोडायची; वर्डमध्ये त्यासाठी Mirror margins आहे. अक्षर ११ पॉइंटांचं आहे, ते साधारण सव्वादहाचं दिसेल. तक्त्यांतले बारीक आकडे मात्र आधी एका कागदावर छापून वाचून बघा. ते वाचता आले तर फाइल पाठवा, परफेक्ट करून देतो.