अल्फाचं शिखर पसरलं, तर डिटेक्टर बदलण्याआधी सोर्स पाहा

«अल्फा स्पेक्ट्रोमेट्रीत शिखरं धारदार येणं डिटेक्टरच्या किमतीवर ठरतं. सिलिकॉन डिटेक्टर चांगला असला, की मधली चार मिलिमीटर हवा कॅलिब्रेशनमध्ये धरता येते आणि नमुन्याचा थेंब तबकडीवर वाळवला तरी पुरतो.»

हे म्हणणं टिकत नाही. अल्फा स्पेक्ट्रोमेट्रीत नमुन्यातून निघालेल्या अल्फा कणांची ऊर्जा मोजतात आणि आलेखावर शिखर कुठे येतं त्यावरून नमुन्यात काय आहे ते ओळखतात; तबकडीवर बसवलेला नमुना म्हणजेच सोर्स. आधी त्या चार मिलिमीटरचा हिशेब करू. अमेरिशियम-२४१चा मुख्य अल्फा कण ५.४८६ एमईव्ही ऊर्जेने निघतो. हवेत दर मिलिमीटरला त्याची साधारण ०.०९ एमईव्ही ऊर्जा जाते. म्हणजे डिटेक्टरपाशी तो ५.१३च्या आसपास पोहोचतो, आणि प्लुटोनियम-२३९चं शिखर निर्वातात ५.१५७ला असतं. नमुन्यात प्लुटोनियम नसतानाही ते आहे असं वाटेल.

शिखर नुसतंच सरकलं असतं, तर कॅलिब्रेशनने भागलं असतं. पण कण सगळ्या दिशांना सुटतात. सोर्स आणि डिटेक्टर इतके जवळ असले, की ६० अंश तिरपा निघालेला कणही डिटेक्टरवर पडतो. त्याची वाट दुप्पट, म्हणून तूटही दुप्पट. प्रत्येक कणाची तूट वेगळी असेल तर एकच आकडा मिळवून काय साधणार? चेंबरमधला दाब १ टॉरपर्यंत उतरवला, की सेंटिमीटरमागे जेमतेम १ केईव्ही जाते. चांगल्या डिटेक्टरच्या १५–२० केईव्ही रुंदीपुढे ती नगण्य आहे, आणि त्यासाठी साधा रोटरी पंप पुरतो. फार खोल निर्वात मात्र प्रत्येक वेळी हिताचा नसतो: थोरिअम-२२८सारख्या सोर्समधून उलट धक्क्याने उडालेले रेडियमचे अणू थेट डिटेक्टरवर जाऊन बसतात. थोडी हवा शिल्लक ठेवली तर ते वाटेतच अडतात.

खरी हानी होते ती थेंबाने. थेंब वाळताना क्षार कडेला कड्यासारखे साचतात. चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम क्षार असले, तर तळातून येणारा कण सुमारे अर्धा एमईव्ही किंवा त्याहून जास्त ऊर्जा गमावतो, वरच्या कणाची मात्र काहीच जात नाही. शिखराला डावीकडे लांब शेपटी फुटते आणि अमेरिशियमची शेपटी थेट प्लुटोनियमच्या खिडकीत उतरते. म्हणूनच पोलादी तबकडीवर विद्युतनिक्षेपण करतात, किंवा काही दहा मायक्रोग्रॅम निओडिमियम फ्लोराइडबरोबर अवक्षेप काढून बारीक छिद्रांच्या गाळणीवर घेतात. थर चौरस सेंटिमीटरला काही दहा मायक्रोग्रॅमच्या आत राहिला पाहिजे.

दोष कुठे आहे हे ओळखता येतं. डिटेक्टरचा संकेत वाढवणाऱ्या प्रीॲम्प्लिफायरला पल्सर, म्हणजे एकसारखे कृत्रिम विद्युत ठोके देणारं उपकरण, जोडा. पल्सरचं शिखरही रुंद, आणि दोन्ही बाजूंनी सारखंच रुंद आलं, तर गळती प्रवाह आणि इलेक्ट्रॉनिक्स तपासा. पल्सर अरुंद आणि अल्फाचं शिखर डावीकडेच ओघळलेलं, तर दोष बहुधा सोर्सचा किंवा उरलेल्या हवेचा. सोर्स डिटेक्टरपासून लांब नेल्यावर शेपटी आखडली, तर तिरप्या वाटांचाही त्यात हात होता.

प्लुटोनियम-२३८ (५.४९९) आणि अमेरिशियम-२४१ यांच्यात फक्त १३ केईव्ही अंतर आहे. ही जोडी पातळ थर, निर्वात आणि महागडा डिटेक्टर असूनही सहसा सुटी होत नाही. ती सोर्स बनवण्याआधीच, आयन-विनिमय रेझिनच्या स्तंभातून वेगळी करावी लागते.