स्वप्नातला अनुग्रह आणि पावशेर तूप

माघ शुद्ध दशमी आली की वारकऱ्यांच्या घरोघरी तुकोबांच्या अनुग्रहाचा विषय निघतो. बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना 'राम कृष्ण हरि' हा मंत्र दिला तो स्वप्नात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण 'सत्य गुरूरायें कृपा मज केली' हा अभंग सावकाश वाचणारे कमी, आणि स्वप्नातला दृष्टांत कसा जोखायचा हे तिथेच शिकायला मिळतं, असं माझं ठाम मत आहे.

अभंगात तुकोबा काय सांगतात बघा. गंगास्नानाला जाताना वाटेत गुरू भेटले, त्यांनी मस्तकावर हात ठेवला. मग भोजनाला पावशेर तूप मागितलं आणि 'पडिला विसर स्वप्नामाजी'. गुरूंनी मागितलेलं तूप द्यायचंच राहून गेलं! पुढे तुकोबांना वाटतं की काहीतरी अंतराय आला असावा, म्हणून गुरूंनी जायची घाई केली. अभंगाच्या सुरुवातीलाच कबुली आहे, 'परी नाहीं घडली सेवा कांहीं'. स्वतःचा मोठेपणा वाढवायला रचलेल्या गोष्टीत हे विसरलेलं तूप कोणी ठेवलं नसतं. म्हणून मला हा अभंग खरा वाटतो. राघवचैतन्य, केशवचैतन्य अशी परंपरेची खूणही त्यात आहे. तिथी आणि वार आहे, शक मात्र नाही. त्यामुळे पंचांगाशी गुरुवार जुळवताना अभ्यासकांची वर्षं वेगवेगळी निघाली. साल कोणतं का असेना, माझ्या दृष्टीने त्या तुपाचं मोल जास्त आहे.

दुसरी गोष्ट मंत्राची. तो गुप्त नाही. तुकोबांनी तो अभंगातच सांगून टाकला आणि आज कीर्तनाला बसलेलं पोरही तो म्हणतं. स्वप्नात मिळालं म्हणून ते माझ्या एकट्याचं, आता तुम्ही माझ्याकडे या, असं तुकोबा कुठेही म्हणत नाहीत. उलट 'गुरुशिष्यपण हें तों अधमलक्षण' असं बजावतात.

आता संत बहिणाबाई. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकून या लहान वयाच्या ब्राह्मण घरच्या सुनेला तुकोबांचा ध्यास लागला. त्यांचं प्रत्यक्ष दर्शन झालेलं नव्हतं. तशात लळा लागलेलं वासरू गेलं. कार्तिक वद्य पंचमी, रविवारी तुकोबा स्वप्नात आले, मस्तकी हात ठेवला, कानात मंत्र दिला. 'मनात होतं म्हणून स्वप्नात आलं' असं आज कोणी म्हणेल. बहिणाबाईंनी तो ध्यास कुठे लपवलाय? आपल्या आत्मकथनपर अभंगांत त्या आधी तळमळ सांगतात, मग स्वप्न. भक्ताला यात अडचण वाटत नाही. ज्याची ओढ त्याचं दर्शन, हे तो धरूनच चालतो. दर्शनानंतर काय झालं, इकडे त्याचं लक्ष असतं.

आणि नंतर सोपं काहीच झालं नाही. शूद्राचा अनुग्रह घेतला म्हणून नवरा संतापला, मारहाण झाली. पुढे तो दुखण्यातून उठला, त्याचं मन पालटलं आणि कुटुंब देहूला आलं. तिथे तुकोबांचा द्वेष करणाऱ्या मंबाजीने छळ मांडला. बाईंनी गुरू बदलला नाही. संसार सोडला नाही, आणि अभंगही सोडले नाहीत. एका रात्रीचं स्वप्न त्यांनी १७०० साली देह ठेवीपर्यंत निभावलं.

आमच्या दिंडीतले एक जुने विणेकरी अगदी याच अंगाने विचारायचे. एका मावशींना माउलींचा दृष्टांत झाला होता, त्या डोळे पुसत सांगत होत्या. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, माउलीने काही मागितलं का? कुणाला सांग म्हणाली का?" मावशी म्हणाल्या, नाही, नुसतं 'हरिपाठ सोडू नकोस' म्हणाल्या. बाबा म्हणाले, "मग खरं धर नि रोज म्हण. एकादशीला आळंदीला चल, माळ घालून घे." स्वप्नाला त्यांनी हिणवलं नाही आणि डोक्यावरही घेतलं नाही. जागेपणी पाळायचा नेम मात्र हातात दिला.

हे सगळं लिहायचं कारण सांगते. हल्ली कुणाच्या तरी स्वप्नात महाराज येतात आणि अमुक जागी मंदिर बांधा, अमुक खात्यावर वर्गणी टाका, हा मेसेज अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल, असं सांगून जातात. भोळी माणसं घाबरून पैसे टाकतात, मला त्याचा मनापासून राग येतो. ज्याला दृष्टांत झाला त्याने स्वतः काय सोडलं, काय धरलं, ते आधी विचारा. आज्ञा सगळी दुसऱ्यांसाठी आणि लाभ सगळा सांगणाऱ्याला असेल, तर तो दृष्टांत मी मानत नाही. भीती घालणाराही मानत नाही. बाबाजी चैतन्यांनी पावशेर तूप मागितलं, ते मिळालं नाही, तरी मंत्र देऊनच गेले. तूप आणलं नाहीस तर वाटोळं होईल, असं ते म्हणाले नव्हते.