चार्टचा ऑल्ट टेक्स्ट: 125 अक्षरांचा नियम कुठून आला?

चित्र न दिसणाऱ्यांसाठी चित्राला जोडलेलं लेखी वर्णन म्हणजे ऑल्ट टेक्स्ट; पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, ते वाचतं. त्याबद्दल असा सल्ला ऐकू येतो:

«ऑल्ट टेक्स्ट 125 अक्षरांच्या आतच ठेवा, त्यापुढचं स्क्रीन रीडर वाचतच नाही. चार्ट असेल तर चार्टचं नाव पुरे. आणि वेळ नसेल तर खालची कॅप्शनच ऑल्टमध्ये पेस्ट करा, काम झालं.»

मी रोज एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर वाचते, म्हणून आधी आकड्याबद्दल. एचटीएमएलच्या नियमांत किंवा डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या निकषांत 125 अक्षरांची अशी कोणतीही मर्यादा नाही. जॉज या दुसऱ्या स्क्रीन रीडरच्या जुन्या आवृत्त्या लांब ऑल्टचे तुकडे पाडून वाचायच्या, त्यातून हा आकडा पसरला. एनव्हीडीए पूर्ण ऑल्ट वाचतो. तरीही ऑल्ट आटोपशीर हवा, पण कारण वेगळं आहे: तो एकसलग मजकूर असतो. त्यात शीर्षक नाही, परिच्छेद नाही, तक्ता नाही. पंधरा आकडे एका दमात कानावर आले की पहिला विसरलेला असतो, आणि मधल्याच एखाद्या आकड्यावर थेट उडी मारता येत नाही.

आता चार्टचं नाव. पावसाळ्यात मुंबईत ज्याची सगळ्यांनाच चौकशी असते तो चार्ट घेऊ: पालिकेला पाणी देणाऱ्या सात तलावांची साठवण क्षमता. ऑल्टमध्ये «सात तलावांचा बार चार्ट» एवढंच लिहिलं, तर इथे काहीतरी आहे आणि ते मला मिळणार नाही, एवढंच मला कळतं. डोळस वाचकाला त्याच क्षणी काय दिसतं? भातसाची एक लांबलचक पट्टी, आणि तळाला विहार-तुळशीच्या जेमतेम दिसणाऱ्या दोन. एकूण 14,47,363 दशलक्ष लिटरपैकी 7,17,037 एकट्या भातसाचे. राष्ट्रीय उद्यानातले विहार आणि तुळशी दोन्ही मिळून 35,744, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच «तुळशी भरून वाहू लागला» ही बातमी आली तरी पाणीकपात लगेच टळत नाही. चार्ट काढला तो हे दाखवायला, तेव्हा ऑल्टमध्येही हेच यायला हवं.

कॅप्शन पेस्ट केली, तर एनव्हीडीए तेच वाक्य दोनदा ऐकवतो: एकदा चित्र म्हणून, एकदा खाली मजकूर म्हणून. चार्टचा आकार मात्र एकदाही सांगितला जात नाही. कामं वाटून द्यावीत. कॅप्शन सगळ्यांसाठी असते, त्यामुळे एकक, कशाची मोजणी आणि निष्कर्ष तिथे. डोळ्यांना जे दिसतं ते ऑल्टमध्ये. सुटे आकडे तक्त्यात.

```html
<figure lang="mr">
  <img src="talav.png" alt="आडव्या पट्ट्यांचा चार्ट, सात तलाव मोठ्यापासून लहानाकडे. भातसाची पट्टी जवळजवळ बाकी सहांच्या बेरजेइतकी लांब; विहार आणि तुळशीच्या पट्ट्या जेमतेम दिसतात. आकडे खालच्या तक्त्यात.">
  <figcaption>मुंबईच्या पाण्याची निम्मी साठवण भातसात. पूर्ण क्षमता, दशलक्ष लिटरमध्ये.</figcaption>
</figure>
```

हा ऑल्ट 125 अक्षरांच्या वर जातो आणि ऐकायला अजिबात जड नाही. «चे चित्र» लिहिलेलं नाही, कारण चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो; पट्ट्यांचा की रेषेचा, हे मात्र त्याला कळत नाही. कॅप्शनमध्ये «द.ल.लि.» असं तोडून लिहू नका, ते सुट्या अक्षरांसारखं ऐकू येतं. `lang="mr"` ही मराठीची खूण नसेल तर काही यंत्रांवर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या तोंडी जातो आणि त्यातलं काही म्हणजे काही समजत नाही.

तक्ता खराखुरा `<table>` हवा, तक्त्याचा फोटो नको. तलावांच्या नावांना `<th scope="row">` दिलं, की मी Ctrl+Alt आणि बाणाच्या कळांनी आकड्यांच्या रकान्यात खाली उतरते आणि प्रत्येक आकड्याआधी «तानसा», «मोडक सागर» असं नाव ऐकू येतं. `<td>` असेल तर नुसते आकडे ऐकायचे आणि कुठला कोणाचा ते मनात मोजत बसायचं.

वर्षभराच्या रोजच्या साठ्याची रेषा असेल तर 365 ओळींचा तक्ता पानावर कोणालाच नको. तिथे ऑल्टमध्ये रेषेची चाल सांगा: कुठे तळ गाठला, कधीपासून चढली, कुठे सपाट झाली. पानावर महिन्यागणिक बारा ओळी द्या आणि पूर्ण आकड्यांची फाईल जोडा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती रोज बदलणाऱ्या चार्टमध्ये. चित्र नवं चढतं, ऑल्ट गेल्या आठवड्याचाच राहतो. डोळस संपादकाला तो दिसत नाही, त्यामुळे चूक पकडली जात नाही, आणि मी जुना साठा आजचा समजून पुढे सांगते. चित्र ज्या शीटमधून बनतं, त्याच शीटमधून ऑल्टचं वाक्यही बनवा आणि त्यात तारीख घाला. तारीख जुनी ऐकू आली, तर निदान मला संशय तरी येईल.