एक रुपयावाले साहेब

काल सकाळी साइटवर पाऊल टाकलं, तोच वाळू चाळणारा पोरगा वर बघून ओरडला, "एक रुपयावाले साहेब आले वो!" वर सळई बांधणारे चौघे खाली वाकून बघायला लागले. वीस लाखांचं घर बांधतोय मी. सहा लाख देऊनही झालेत. नाव मात्र पडलं एका रुपयावरून.

झालं असं, की स्लॅबचा हप्ता जवळ आला तसा आमच्या ठेकेदाराने एक नवाच खाते क्रमांक धाडला, 'आता यावर टाका' म्हणून. मी बँकेच्या अॅपमध्ये भरला, तर नाव आलं भलत्याच माणसाचं. फोन केला. "मेव्हण्याचं आहे साहेब. त्याचं-माझं एकच." असेल बुवा. पण करारावर सही याची, पैसे गेले मेव्हण्याला, आणि उद्या दोघांचं फाटलं तर मी कुठल्या तोंडाने सांगायचं की पैसे दिलेत? शेवटी त्याने स्वतःच्या नावाचं दुसरं खातं दिलं. तिथे मी खात्री करायला आधी एक रुपया पाठवला.

एवढंच. पण त्याच वेळी त्याचा मामा शेजारी बसलेला होता.

या मामांचं साइटवर नेमकं काय काम आहे, ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी नऊला येतात, सिमेंटच्या पोत्यावर बसतात, तंबाखू मळतात आणि माझ्याच खर्चाने आलेला चहा दोनदा घेतात. एक रुपया जमा झाल्याचा मेसेज त्यांनी भाच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग मला म्हणाले, "साहेब, देवापुढं पण सव्वा ठेवत्यात." सगळे हसले. मी समजावत बसलो, की बँक पैसे आकड्यावर पाठवते, एक आकडा चुकला तर परत मिळवताना नाकी नऊ येतात. मामांनी पिचकारी टाकली. "पैका म्हंजे हातात घ्यायचा, थुकी लावून मोजायचा. मोबाईलात घंटी वाजली म्हंजे काय पैका आला व्हय?"

मी म्हटलं, मामा, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्यालाच होतो, आणि तोही तेवढ्याच रकमेचा. मामा भाच्याकडे बघून म्हणाले, "हे साहेब लई शिकल्यात."

खरं भांडण पुढेच होतं. करारात लिहिलंय 'स्लॅब : पाच लाख'. ठेकेदाराचं म्हणणं, सेंट्रिंग ठोकलं, सळई बांधली, म्हणजे स्लॅब झालाच समजा. माझं म्हणणं, काँक्रीट पडल्याशिवाय स्लॅब कसला? चूक माझीच. 'स्लॅब' या एका शब्दावर पाच लाख टांगून ठेवताना तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मी लिहूनच घेतलं नव्हतं. त्याचीही अडचण खोटी नव्हती, माल आधी भरावा लागतो. तासभर घासाघीस झाली. ठरलं असं, की 130 पोती सिमेंटचं बिल मी थेट दुकानदाराच्या खात्यावर भरायचं आणि ते हप्त्यातून वजा. स्लॅब ओतून झाला की त्याच संध्याकाळी तीन लाखांतून ते वजा करून उरलेले द्यायचे. बाकीचे दोन लाख चौदा दिवसांनी, सेंट्रिंग काढून खालची बाजू बघितल्यावर. खडी उघडी पडली असेल, सळई दिसत असेल, तर ती खालूनच दिसते, वरून घोटून सगळं गुळगुळीतच असतं. हे कराराच्या मागे लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. मामा म्हणाले, "सोयरीक जमवताना पण एवढं लिवत न्हाईत."

मग आत्तापर्यंतचा हिशेब जुळवू म्हटलं. मी खातेउतारा काढला, प्रत्येक हप्त्यापुढे 'करार', 'जोते' अशी नोंद, शेजारी यूटीआर क्रमांक. त्याने मला बीमच्या बाहेरच्या प्लायपाशी नेलं. तिथे खडूने त्याची चोपडी! सेंट्रिंग निघालं की हा प्लाय टेम्पोत चढून पुढच्या कुणाच्या तरी घराला जाणार, आणि माझा हिशेब त्याच्याबरोबर. मी मुकाट्याने फोटो काढला.

आणि वाचला. दिवाळीला मजुरांच्या उचलीसाठी म्हणून मी वीस हजार रोख दिले होते. पावती नाही, मेसेज नाही, नुसतंच "घ्या, हप्त्यातून वळते करू." ते प्लायवर नव्हते. विचारलं तर म्हणाला, "ते दिवाळीचं होतं ना साहेब, कामाचं कुठं?" मी मामांकडे बघितलं. पैसे त्यांच्याच समोर मोजले होते, थुकी लावून. मामा तंबाखू मळण्यात गर्क.

प्लायवर शेवटची ओळ मात्र ठळक होती. 'साहेब – 1 रु. – पोचला.'