तीन ओळींचं अभिनंदन

पुण्याच्या ऑफिसात कुणाला बढती मिळाली की अभिनंदनाला भाषा लागत नाही. 'पार्टी कधी?' विचारलं की झालं. जवळचा असेल तर 'हाइक किती?' हेही हळूच विचारून घ्यायचं. इथे फ्रान्समध्ये, लिओं शहरात, दुसऱ्याचा पगार विचारणं म्हणजे लोकांच्या घरात शिरून कपाटं उघडून बघण्यासारखं आहे. त्यामुळे शेजारच्या टेबलावरची सहकारी क्वालिटी विभागाची प्रमुख झाल्याची मेल आली आणि मला अभिनंदनाचं पत्र लिहायला बसावं लागलं. तेही फ्रेंचमध्ये, कारण बाकी सगळ्यांची उत्तरं फ्रेंचमध्ये येऊन पडत होती.

पहिली अडचण 'त्यु' की 'व्हू', म्हणजे तू की तुम्ही. आपल्याकडे कालची 'अगं' बढतीच्या दुसऱ्या दिवशी 'मॅडम' होते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे रोज 'त्यु' म्हणणाऱ्यानं एकाएकी 'व्हू' सुरू केलं, तर हा रुसलाय किंवा टोमणा मारतोय असं समोरच्याला वाटतं. तेव्हा 'त्यु'च राहिलं. माझी आई असती तर म्हणाली असती, 'साहेबीणबाईंना अगं-तुगं करतोस?'

मग क्रियापद. 'ज त फेलिसीत', मी तुझं अभिनंदन करतो, हे व्याकरणात चोख बसतं. पण ऐकायला गुरुजींनी पाठ थोपटल्यासारखं. फ्रान्समधल्या शाळांत प्रगतिपुस्तकावर सर्वांत हुशार पोरांसाठी 'फेलिसितास्यों' असा शेरा असतो आणि तो देतं शिक्षकमंडळ. माझ्या वरच्या जागी गेलेल्या बाईला मी शेरा द्यायचा म्हणजे जरा अतिच. त्यापेक्षा नुसतं 'तूत मे फेलिसितास्यों', म्हणजे माझ्याकडून भरभरून अभिनंदन, हे बरं. त्यात कुणी कुणाला गुण देत नाही. पुढे 'प्रोमोस्यों' चालतं. पण सुपरमार्केटात दह्याच्या डब्यांवर सूट लागते तीही 'प्रोमोस्यों'च. मी 'नोमिनास्यों' घेतलं. मेलच्या विषयातही तेच होतं.

आता माया कुठे दाखवायची? 'आय अ‍ॅम एक्सायटेड' हे ऑफिसातलं इंग्रजी डोक्यात घोळत होतं. त्याचं 'ज स्वी एक्सिते' केलं असतं तर प्रकरण थेट एचआरकडे गेलं असतं, कारण फ्रेंचमध्ये हा शब्द सहज शयनगृहाकडे वळतो. 'आंफां', म्हणजे 'एकदाची', हाही घातकी. 'एकदाची झालीस बाई!' हे आपल्याकडे कौतुक. इथे त्याचा वास असा येतो, की इतके दिवस हिला कुणीतरी मुद्दाम डावललं होतं, आणि तो कुणीतरी मेलच्या सीसीत बसलेला असतो.

शेवटी 'से त्रे मेरिते', अगदी योग्य व्यक्तीला मिळालं, एवढंच लिहिलं. पण हे सगळेच लिहितात. म्हणून एक खरी गोष्ट जोडली. मार्चच्या ऑडिटमध्ये परीक्षकानं जुन्या तपासणीचा कागद मागितला आणि आम्ही सगळे एकमेकांची तोंडं बघत होतो, तेव्हा हिनं कॉफी खाली न ठेवता तो फाइलमधून काढून दिला. 'ऑडिटमधल्या तुझ्या शांतपणाचं मला कायम कौतुक वाटलं,' एवढं एक वाक्य. विशेषणांचा डोंगर उभा केला की इथे लोकांना संशय येतो, हा काही मागायला तर आला नाही ना? एका खऱ्या प्रसंगाला कुणी बिचकत नाही.

शुभेच्छांमध्येही सुरुंग पेरलेले. 'बॉन कोंतिन्युआस्यों' ऐकायला गोड, पण ते बहुतेक नोकरी सोडून निघालेल्याला म्हणतात. आणि 'बों कुराज'मध्ये 'आलीया भोगासी' असा सूर असतो. तोंडी, हसत म्हटलं तर चालतं, लेखी नको. तेव्हा 'नव्या जबाबदारीत तुला पूर्ण यश लाभो' हे थोडं इस्त्रीचं, पण बिनधोक वाक्य घातलं. खाली सही करताना 'कॉर्दियालमां' वीजबिलाच्या तक्रारीसारखं कोरडं आणि 'बिझू' म्हणजे थेट पापे, म्हणून मधलं 'बियां आ त्वा'. उद्गारचिन्ह एकच, त्याच्याआधी फ्रेंच रिवाजाप्रमाणे मोकळी जागा सोडून. पूर्वी मी ती टायपिंगची चूक समजून लोकांच्या मेलमधून काढून टाकायचो.

उत्तर लगेच आलं, 'मेर्सी, से त्रे जांती !' आणि खाली गुरुवारी सहाला 'पो'चं, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या पार्टीचं आमंत्रण. म्हणजे इथेही खाऊपिऊ बढती मिळालेल्यानंच घालायचं असतं, फक्त ते मागायचं नसतं. गुलाबी प्रालीनचा लिओनी तार्त होता. दाताला चिकटतो, पण सोडवत नाही. मी दुसऱ्या तुकड्याकडे हात नेत होतो, तेवढ्यात आमच्या मोठ्या साहेबांनी ग्लास उंचावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ब्राव्हो ! ए बों कुराज !"

सर्वांत मोठ्यानं तीच हसली.