दोनाने नव्हे, n+1 ने भागा

«n जोड्या कंसांच्या किती बरोबर मांडण्या होतात? कॅटलन-बिटलन पाठ करायची गरज नाही. चौकोनी जाळीवर `(` म्हणजे उजवीकडे एक घर, `)` म्हणजे वर एक घर. कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून निम्मे रस्ते खाली. एकूण रस्त्यांना 2 ने भागा. कर्णाला शिवलेला रस्ता बाद. यादी हवी असेल तर आधीच्या प्रत्येक मांडणीच्या पुढे `()`, मागे `()` किंवा भोवती `( )` घाला आणि दुहेरी आलेल्या खोडा. n=3 पर्यंत ताळा जमतो.»

आधी एक गंमत बघा. या मेसेजातल्या दोन रीती एकमेकींशीच भांडतात. n=3 ला एकूण रस्ते २०, त्यांचे निम्मे १०. यादीच्या रीतीने मात्र ५ च मांडण्या हाती येतात. ताळा जमला तो यादीचा. भागाकाराचा कुणी घेतलाच नाही, नाहीतर n=2 लाच बिंग फुटलं असतं: ६ चे निम्मे ३, आणि बरोबर मांडण्या दोनच, `(())` आणि `()()`.

सममितीचा मुद्दा अर्धा खरा आहे. पूर्ण रस्ता कर्णाखाली काढणारे जितके, तितकेच पूर्ण रस्ता कर्णाच्या वर काढणारे. पण काही रस्ते थोडा वेळ खाली आणि थोडा वेळ वर चालतात. n=2 ला असे दोन आहेत, `())(` आणि `)(()`. निम्मे करताना हे एकेका बाजूला गुपचूप वाटले गेले.

हे खातेवहीसारखं पाहिलं की सोपं जातं. `(` म्हणजे एक रुपया जमा, `)` म्हणजे एक रुपया खर्च. शेवटी शिल्लक शून्य आली एवढ्याने भागत नाही, मधेही खातं कधी उणे जाता कामा नये. n=3 च्या वीसही मांडण्या मी वहीत लिहून काढल्या आणि किती जोड्या उधारीत गेल्या त्यावरून गट पाडले. एकही न गेलेल्या ५, म्हणजे आपल्याला हव्या त्या. एकच जोडी उधारीत गेली असेल, तर खातं उणे नेणारा `)(` हा तुकडा एकदाच येतो आणि बाकीच्या दोन जोड्या नीट असतात. त्या `()()` अशा असतील तर तुकडा पुढे, मधे किंवा शेवटी बसतो: `)(()()`, `())(()`, `()())(`. त्या `(())` अशा असतील तर फक्त पुढे किंवा मागे: `)((())`, `(()))(`. आत घुसवला तर खातं उणे जातच नाही. झाल्या पुन्हा ५. आता प्रत्येक कंस उलटा केला की जमेचा खर्च होतो, म्हणून दोन जोड्या उधारीत गेलेल्या ५ आणि तिन्ही गेलेल्याही ५. एकूण वीस, चार सारखे गट.

n काहीही घेतला तरी असे n+1 सारखे गट पडतात. चुंग आणि फेलर यांनी १९४९ मध्ये नाणेफेकीच्या संदर्भात मांडलेलं प्रमेय हेच सांगतं. म्हणून एकूण C(2n, n) मांडण्यांचा भाजक 2 नाही, n+1 आहे:

```
C(2n, n) / (n+1)
```

गटांवर विश्वास नसेल तर दुसऱ्या वाटेने या. चुकीच्या मांडण्याच मोजू. `())(()` घ्या. तिसऱ्या कंसाला खातं पहिल्यांदा उणे एक होतं. तिथपर्यंतचा भाग तसाच ठेवायचा आणि पुढचा प्रत्येक कंस उलटा करायचा. `(()` चं `))(` झालं, पूर्ण मांडणी `())))(`. तिच्यात उघडते कंस २, मिटते ४. चुकीच्या कुठल्याही मांडणीचं असंच होतं. उलटही चालतं: २ उघडते आणि ४ मिटते असलेली कुठलीही मांडणी कधी ना कधी उणे एकवर येणारच, तिथून पुढचं पुन्हा उलटं केलं की मूळची चुकीची मांडणी परत मिळते. तेव्हा चुकीच्या मांडण्या म्हणजे ६ जागांतून २ निवडण्याचे प्रकार, १५. वीसातून पंधरा गेले, ५ उरले. सर्वसाधारणपणे चुकीच्या C(2n, n+1), म्हणजे एकूणच्या n/(n+1) इतक्या. n=10 ला एकूण १,८४,७५६ मांडण्या. त्यांतल्या बरोबर १६,७९६, अकरातली एक. मेसेजच्या हिशेबाने ९२,३७८ आल्या असत्या.

कर्णाला शिवणं आणि कर्ण ओलांडणं यांत मेसेजवाल्याने गल्लत केली आहे. शिवणं म्हणजे शिल्लक शून्य होणं. `()()` मध्ये ती मधेच शून्य होते आणि मांडणी तरीही ठीक आहे. निषिद्ध रेषा कर्णाच्या एक घर वरची, y = x + 1. वर आपण कंस उलटे करायला सुरुवात केली तीही त्या रेषेला पहिल्यांदा शिवल्यावरच. मधे शिवणारे रस्ते बाद केले तर बाहेरून एकाच जोडीत गुंडाळलेल्या मांडण्या तेवढ्या उरतात. ती जोडी काढली की n-1 चं उत्तर: n=4 ला १४ ऐवजी ५. मतमोजणीत एक उमेदवार सतत पुढेच हवा असेल तर हाच प्रश्न योग्य ठरतो, पण कंसांसाठी नाही.

यादीची रीत मला सगळ्यांत घातक वाटते, कारण ती १, २, ५ असे अगदी बरोबर आकडे देते. n=4 ला काय होतं ते बघा. पुढे `()` लावून ५, मागे लावूनही ५, त्यांतल्या २ दोन्हीकडे येतात, म्हणून ८. भोवती घालून आणखी ५. एकूण १३. सुटलेली मांडणी एकच:

```
(())(())
```

तिच्या सुरुवातीला `()` नाही, शेवटी नाही, आणि बाहेरून एक जोडीही नाही. मग या रीतीने ती यायची कुठून? n=5 ला हीच यादी ३४ वर थांबते, खरा आकडा ४२. शंका असेल तर २५६ च्या २५६ मांडण्या तपासून घ्या:

```python
from itertools import product

def ok(s):
    d = 0
    for x in s:
        d += x
        if d < 0:
            return False
    return d == 0

print(sum(ok(s) for s in product((1, -1), repeat=8)))
```

छापून येतं ते 14.

यादी करायचीच तर पहिल्या `(` चा जोडीदार शोधा. प्रत्येक मांडणी एकाच प्रकारे `(A)B` अशी तुटते. A मध्ये i जोड्या असतील तर B मध्ये n-1-i. त्यामुळे दुहेरी काही येतच नाही, खोडाखोडही नको. n=4 ला A मध्ये अनुक्रमे ०, १, २, ३ जोड्या घेतल्या की १×५ + १×२ + २×१ + ५×१ = १४. हरवलेली `(())(())` दुसऱ्या पदात सापडते: A म्हणजे `()`, B म्हणजे `(())`. n=5 ला तशीच बेरीज १४ + ५ + ४ + ५ + १४, म्हणजे ४२.