सात हप्त्यांची बेरीज म्हणजे रिझर्व्ह नव्हे

एक पॉलिसीधारक म्हणतो: «दहा वर्षांची, १० लाखांची, बोनस नसलेली एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला किंवा मुदत पूर्ण झाली तरी १० लाख मिळतात. वर्षाला ८०,००० प्रमाणे सात हप्ते भरले. सहा टक्क्यांनी त्याचे ७ लाख ११ हजार होतात. तेवढे कंपनीने माझ्या नावावर बाजूला ठेवलेच पाहिजेत. व्याजदर वाढले की ही रक्कमही वाढते. आणि पॉलिसी मोडली की ती सगळी माझी.»

पुढची देणी भागवण्यासाठी कंपनीने आज बाजूला ठेवायची रक्कम म्हणजे रिझर्व्ह. तो भरलेले हप्ते अधिक व्याज इतका असतो, हे पहिलं विधान मागे बघून केलेलं आहे. कंपनीचा अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विम्याचं गणित करणारा तज्ज्ञ, मात्र पुढे बघतो: इथून पुढे काय द्यावं लागेल, त्यातून इथून पुढे काय येईल ते वजा, दोन्ही आजच्या किमतीत. भारतात विमा नियामकाचे नियमही हीच पद्धत सांगतात आणि त्यात ग्राहक भरतो तो पूर्ण हप्ता धरतात, खर्च वेगळा मोजतात. गृहीतकं सावध असावी लागतात.

याच पॉलिसीचं गणित करू. सातवं वर्ष संपलंय, आठवा हप्ता अजून आलेला नाही. व्याज ६ टक्के. दर हप्त्यातून कमिशन आणि खर्चापोटी ५,००० जातात, म्हणजे हाती ७५,००० उरतात. आठव्या वर्षी मृत्यूची शक्यता हजारी ४, नवव्या वर्षी हजारी ५ धरू. मृत्यूची रक्कम वर्षअखेरीस दिली जाते असं मानू. (हे मृत्युदर केवळ उदाहरणापुरते.)

हिशेब शेवटाकडून मागे येतो. दहाव्या वर्षी माणूस जगो वा न जगो, वर्षअखेरीस १० लाख द्यायचेच आहेत. त्याची वर्षाच्या सुरुवातीची किंमत ९,४३,३९६. त्याच वेळी ७५,००० येणार, म्हणून लागणारी रक्कम ८,६८,३९६.

नवव्या वर्षाच्या सुरुवातीला जा. वर्षअखेरीस हजारी ५ शक्यतेने १० लाख द्यावे लागतील, हजारी ९९५ शक्यतेने ८,६८,३९६ हाताशी हवेत. सरासरी ८,६९,०५४. एक वर्ष मागे आणून ८,१९,८६२, त्यातून ७५,००० वजा, उरले ७,४४,८६२. आठव्या वर्षासाठी हेच पुन्हा केलं की ६,२८,६६३ येतात. हा आजचा रिझर्व्ह.

इथे सर्वात जास्त चूक होते ती तारखेची. आठवा हप्ता नुकताच जमा झाला असेल तर रिझर्व्ह ७,०३,६६३ असतो. दोन आकड्यांत बरोबर ७५,००० चा फरक दिसला तर आधी मूल्यांकन हप्त्याआधीचं की नंतरचं, ते तपासा.

मग ७,११,७९७ आणि ६,२८,६६३ यांच्यातले ८३,००० गेले कुठे? दुसऱ्या ते सातव्या हप्त्यातले दरवर्षीचे ५,०००च व्याजासह सुमारे ३७,००० होतात. उरलेल्यात पहिल्या वर्षाचं जास्त कमिशन, सात वर्षांच्या विमासंरक्षणाची किंमत आणि कंपनीचं मार्जिन येतं. ज्या गृहीतकांवर हप्ता ठरला तीच दोन्हीकडे वापरली, खर्च आणि मृत्यूही मोजले, तरच मागे बघणं आणि पुढे बघणं एकाच आकड्यावर येतं. नुसते हप्ते अधिक व्याज ही तिसरीच गोष्ट आहे.

दुसरं विधान तर नेमकं उलटं आहे. देणं १० लाखांवर बांधलेलं आहे. जास्त व्याज मिळणार असेल तर आज कमी ठेवलं तरी भागतं. वरच्याच गणितात ७ टक्के घातले तर रिझर्व्ह ६,०७,३२३ होतो, ५ टक्के घातले तर ६,५०,८४८. म्हणूनच दर घसरले की जुन्या हमीच्या पॉलिसी कंपनीला जड जातात. सावध राहण्यासाठी अ‍ॅक्चुअरी अपेक्षित परताव्यापेक्षा कमी दर धरतो, तोही याचमुळे.

तिसऱ्याचं उत्तर: रिझर्व्ह ही कंपनीच्या ताळेबंदातली देणेबाजू आहे, ग्राहकाचं खातं नव्हे. हा आकडा ऋण आला तर शून्य धरतात आणि पॉलिसी मोडल्यावर मिळण्याची हमी असलेल्या सरेंडर व्हॅल्यूपेक्षा कमी ठेवत नाहीत, पण सरेंडरला मिळणारी रक्कम वेगळ्या वाटेने येते. ती पेड-अप रकमेच्या, म्हणजे पुढचे हप्ते थांबवल्यावर कायम राहणाऱ्या कमी विमा रकमेच्या, आजच्या किमतीवरून काढतात. सात हप्त्यांवर पेड-अप रक्कम दहातले सात भाग, म्हणजे ७ लाख. ७ टक्क्यांनी आणि वरच्याच मृत्युदरांनी तिची आजची किंमत सुमारे ५,७२,०००. त्याच दराचा रिझर्व्ह ६,०७,३२३ असताना ही ३५,००० ने कमी का? मुख्यतः पेड-अप काढताना हप्त्यांची नुसती संख्या मोजली जाते म्हणून. आधी आलेले सात हप्ते जास्त काळ व्याज कमावतात, त्यामुळे मुदतपूर्तीच्या १० लाखांतला त्यांचा खरा वाटा सात दशांशाहून मोठा असतो. पेड-अपच्या प्रमाणात ती वेळ धरलेलीच नाही.